तुळईच्या पोटात सळई किती हवी?

सिमेंट काँक्रीटच्या तुळईवर, म्हणजे बीमवर, भार आला की ती खाली झुकते. झुकताना तिचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा भाग ताणला जातो. मधे कुठेतरी एक पातळी अशी असते, की तिथे ना दाब असतो ना ताण. अभियंते तिला ‘न्यूट्रल अॅक्सिस’ म्हणतात. काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताणाला फारच कच्चे असते. म्हणून तुळईच्या ताणल्या जाणाऱ्या बाजूला लोखंडी सळया घालतात. साध्या, दोन्ही टोकांना टेकलेल्या तुळईत त्या तळाशी असतात. वर काँक्रीटचा दाब आणि खाली सळईचा ताण अशी ही जोडी असते. दोन्ही बले नेहमी सारखीच असावी लागतात, आणि त्यांच्यातल्या अंतरामुळे तुळईला भाराचे वाकवणारे बल, म्हणजे ‘मोमेंट’, पेलता येते.

तळाशी किती सळई घालायची, हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. कमी घातली तर तुळई कमजोर, जास्त घातली तर मजबूत, असा सरळ हिशेब मनात येतो. घर बांधणारे मालक मिस्त्रीला ‘अजून दोन बार टाका, खर्चाचं बघू’ असे सांगतात, ते याच समजुतीने. पण भारतीय मानक आयएस ४५६ सळईला खालून एक मर्यादा घालते आणि वरूनही. या दोन्ही मर्यादांचे कारण तुळई किती भार पेलते यात तेवढे नाही. भार हाताबाहेर गेला तर ती कशी मोडेल, यात ते आहे.

हे समजायला दोन्ही पदार्थांचा स्वभाव पाहावा लागतो. बाजारात सर्रास मिळणारी ‘एफई ५००’ सळई घेतली, तर ताण वाढवत नेल्यावर दर चौरस मिलिमीटरला सुमारे ५०० न्यूटनपर्यंत ती ताणाच्या प्रमाणात लांबते. तोवर एक मीटर लांबीत जेमतेम अडीच मिलिमीटर वाढ झालेली असते. त्यानंतर ती ‘यील्ड’ होते, म्हणजे ओढ फारशी वाढत नाही, पण लांबी वाढतच जाते. तुटायच्या आधी या सळईने किमान १२ टक्के लांबले पाहिजे, असे सळईचे मानक सांगते. यील्ड झाल्यावरही तिच्याकडे ताणायला भरपूर वाव उरतो तो असा. काँक्रीटचे याच्या अगदी उलट आहे. वाकणाऱ्या तुळईच्या वरच्या कडेचे काँक्रीट मीटरमागे साडेतीन मिलिमीटर दाबले गेले, की ते चुरडले जाते असे मानक धरते. शास्त्रीय भाषेत हा आकडा ०.००३५. सळईला मिळते तशी पुढची लांबलचक सवलत काँक्रीटला नाही. ते फुटते, आणि फुटले की संपले.

आता एक नेहमीची तुळई घेऊ. चार मीटर गाळ्यावर टाकलेली, रुंदी २३० मिमी, एकूण उंची ४५० मिमी. विटेच्या नऊ इंची भिंतीखाली बसावी म्हणून ही रुंदी आपल्याकडे फार चालते. सळईच्या मध्यापासून तुळईच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर, ज्याला ‘इफेक्टिव्ह डेप्थ’ म्हणतात, ते ४१० मिमी धरू. काँक्रीट एम २० आणि सळई एफई ५००. स्लॅबचा हातभार तूर्त बाजूला ठेवू.

या तुळईत तळाशी १६ मिमीच्या तीन सळया घातल्या, तर लोखंडाचे क्षेत्रफळ ६०३ चौरस मिमी होते. सुरक्षिततेचे गुणांक लावून त्या सळया २६२ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २६ टन ओढ देतात. तेवढाच दाब वरच्या काँक्रीटला द्यायचा असतो. तो देण्यासाठी वरचे १५८ मिमी काँक्रीट पुरते. म्हणजे न्यूट्रल अॅक्सिस वरच्या कडेपासून १५८ मिमीवर बसते. त्या क्षणी वरच्या कडेचे काँक्रीट ०.००३५ इतके दाबलेले असते. छेद वाकताना सपाटच राहतो, म्हणून समरूप त्रिकोणाच्या साध्या गणिताने तळाच्या सळईची लांबण काढता येते. ती येते ०.००५६, म्हणजे यील्ड व्हायला लागते त्याच्या दुपटीहून जास्त. थोडक्यात, काँक्रीट चुरडण्याच्या बऱ्याच आधी सळई यील्ड होऊन लांबत राहिलेली असते. या तुळईची ताकद सुमारे ९० किलोन्यूटन-मीटर येते. चार मीटर गाळ्यावर एक भिंत आणि दोन्ही बाजूंच्या स्लॅबचा वाटा पेलायला एवढी ताकद साधारणपणे पुरते.

अशा तुळईवर प्रमाणाबाहेर भार आला, तर ती आधी सांगते. सळई लांबली की तळाच्या काँक्रीटला पडलेल्या केसासारख्या भेगा रुंद होत जातात. मधोमध तळाशी उभ्या भेगा दिसतात, त्या बाजूंनी वर चढतात, प्लास्टर सुटते, तुळई डोळ्यांना दिसेल इतकी झोळ खाते, खालच्या दाराची चौकट आवळते. हे सगळे होईतो माणसांना खोली रिकामी करायला, खाली टेकू लावायला वेळ मिळतो. लोखंड आधी यील्ड होणाऱ्या अशा छेदाला ‘अंडर-रीइन्फोर्स्ड’ म्हणतात. नाव ऐकून काही कमी राहिले आहे असे वाटते, पण हवी असते ती हीच रचना.

सळया वाढवत नेल्या की काय होते? ओढ वाढते, तेवढाच दाब द्यायला काँक्रीटचा जास्त भाग लागतो, म्हणून न्यूट्रल अॅक्सिस खाली सरकते. ती जितकी खाली येईल, तितकी सळई तिच्या जवळ पडते आणि तितकी ती कमी लांबते. सरकता सरकता एक अवस्था अशी येते, की काँक्रीटचे चुरडणे आणि सळईचे यील्ड होणे एकाच क्षणी घडते. हाच ‘संतुलित छेद’ किंवा बॅलन्स्ड सेक्शन. आयएस ४५६ ने यील्डची व्याख्या जरा जास्त सावधपणे केली आहे. यील्डच्या हिशेबी लांबणीवर आणखी ०.००२ एवढी लांबण झालीच पाहिजे, अशी अट घातली आहे. एफई ५०० साठी ही एकूण लांबण ०.००४२ च्या आसपास येते. ०.००३५ ला ०.००३५ आणि ०.००४२ यांच्या बेरजेने भागले की ०.४६ मिळते. म्हणजे न्यूट्रल अॅक्सिस वरच्या कडेपासून इफेक्टिव्ह डेप्थच्या ०.४६ पटीपेक्षा खाली जाऊ द्यायची नाही. एफई ४१५ सळईसाठी हाच आकडा ०.४८ आहे आणि जुन्या गुळगुळीत एफई २५० सळईसाठी ०.५३. सळई जितकी ताकदवान, तितकी तिला यील्ड व्हायला जास्त लांबावे लागते, म्हणून ही मर्यादा अधिक कडक होत जाते.

उदाहरणातल्या तुळईत ही सीमा १८७ मिमीवर येते आणि तिथवर पोचवणारे लोखंड ७१२ चौरस मिमी होते. रुंदी गुणिले इफेक्टिव्ह डेप्थ या क्षेत्रफळाच्या ते पाऊण टक्का भरते. त्या अवस्थेत तुळईची ताकद १०३ किलोन्यूटन-मीटर असते.

आता कोणी काळजीपोटी तीन सळयांऐवजी २० मिमीच्या चार टाकल्या असे समजू. लोखंड झाले १२५७ चौरस मिमी, म्हणजे दुपटीहून जास्त. ताकद मात्र हिशेबाने ९० वरून १३० च्या आसपासच जाते. सीमेपलीकडे टाकलेल्या लोखंडाला पुरते काम मिळत नाही, कारण काँक्रीटजवळ द्यायला तेवढा दाबच नसतो. सळया यील्डपर्यंत पोचण्याआधीच वरचे काँक्रीट चुरडते. हा ‘ओव्हर-रीइन्फोर्स्ड’ छेद. त्याच्या तळाशी भेगा बारीक राहतात, झोळ थोडा असतो, आणि बघणाऱ्याला तुळई ठणठणीत वाटते. वरचे काँक्रीट मात्र फुटण्याच्या कडेला असते, आणि तुळईचा माथा फरशीखाली दडलेला असल्याने ते कोणाला दिसतही नाही. मोडते तेव्हा आवाज होऊन एकदम मोडते. म्हणूनच छेद या सीमेपलीकडे गेला तर त्याची जास्तीची ताकद हिशेबात धरा असे आयएस ४५६ म्हणत नाही, छेदाची रचनाच पुन्हा करा असे सांगते. या एका अटीत मानकाचा सगळा शहाणपणा आहे.

सीमेला खेटून राहणेही बरे नाही, आणि याचे कारण कागदावर दिसत नाही, साइटवर दिसते. काँक्रीट ओतायला सोपे जावे म्हणून मिक्सरमध्ये पाणी वाढवले जाते आणि एम २० म्हणून मागवलेले काँक्रीट प्रत्यक्षात एम १५ इतकेच भरते. तसे झाले, तर याच तुळईची सीमा ७१२ वरून ५३४ चौरस मिमीवर उतरते. मग १६ मिमीच्या त्याच तीन सळया, ज्या कागदावर सुरक्षित होत्या, सीमेच्या पलीकडे जातात. एकही सळई न वाढवता तुळई ओव्हर-रीइन्फोर्स्ड होते.

दुसरा घोळ सळईच्या दर्जाचा. जुन्या नकाशावर एफई ४१५ लिहिलेले असते. त्या हिशेबाने या छेदाला सुमारे ९०० चौरस मिमी लोखंड चालते आणि १६ च्या चार सळया, म्हणजे ८०४ चौरस मिमी, अगदी योग्य असतात. दुकानात एफई ४१५ मिळत नाही, म्हणून ‘त्याहून भारी आहे’ असे म्हणून तेवढ्याच जाडीच्या, तेवढ्याच संख्येने एफई ५०० च्या सळया घातल्या जातात. आता सीमा आहे ७१२ आणि लोखंड आहे ८०४. भारी माल वापरून तुळईचा स्वभाव बिघडवला असे होते. दर्जा वाढवायचा तर संख्या नव्याने काढावी लागते. भूकंपाला तोंड देणाऱ्या चौकटींसाठीचे आयएस १३९२० हे मानक तर सळईची प्रत्यक्ष ताकद सांगितलेल्या ताकदीपेक्षा फार जास्त असण्यालाही हरकत घेते, ती याच काळजीने.

मग भार खरोखरच जास्त असेल तर काय करायचे? सर्वांत चांगला उपाय तुळईची उंची वाढवण्याचा. हीच तुळई ४५० ऐवजी ६०० मिमी उंच केली, तर संतुलित अवस्थेतली तिची ताकद १०३ वरून १९२ किलोन्यूटन-मीटरवर जाते, कारण ताकद उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. छताची उंची आड येत असेल, तर काँक्रीटचा दर्जा वाढवता येतो, किंवा दाबाच्या बाजूलाही हिशेबाने सळया घालून काँक्रीटला मदत देता येते. वर सळया घातल्या की न्यूट्रल अॅक्सिस पुन्हा वर चढते आणि तळाला जास्त लोखंड चालू शकते. याला ‘डबली रीइन्फोर्स्ड’ तुळई म्हणतात.

इथेच कमाल मर्यादेचा दुसरा आकडा लागतो. संतुलित छेदाची सीमा अशा तऱ्हेने ओलांडता येत असली, तरी ताणाच्या बाजूचे लोखंड रुंदी गुणिले एकूण उंचीच्या ४ टक्क्यांपेक्षा जास्त असू नये, असे आयएस ४५६ सांगते. हा आकडा गणितापेक्षा काँक्रीट ओतणाऱ्यांच्या हातांशी जास्त जोडलेला आहे. उदाहरणातल्या तुळईला ४ टक्के म्हणजे ४१४० चौरस मिमी, म्हणजे २० मिमीच्या १३ सळया. २३० मिमी रुंदीतून दोन्ही बाजूंचे २५ मिमी कव्हर आणि ८ मिमीच्या रिंगा वजा केल्या की उरतात १६४ मिमी. दोन सळयांमध्ये २० मिमी खडी जावी म्हणून किमान २५ मिमी मोकळी जागा लागते. अशा हिशेबाने एका थरात चारच सळया बसतात. तेरा सळयांचे चार थर होतात, थरागणिक सळयांचा मध्य वर सरकतो आणि इफेक्टिव्ह डेप्थ घटते. शिवाय सळया जोडायच्या जागी एकावर एक येतात, म्हणजे तिथे गर्दी दुप्पट. खडी वरच अडकते, खाली नुसता सिमेंटचा गाळ उतरतो, व्हायब्रेटरची सुई आत शिरत नाही. सेंट्रिंग उघडल्यावर तळाला मधाच्या पोळ्यासारखी भोके दिसतात आणि सळई उघडी पडलेली असते. काँक्रीटने न धरलेली सळई ताण घेत नाही, आणि पुढे तिथूनच गंजते. म्हणून ४ टक्के हे काही गाठायचे लक्ष्य नव्हे. आयएस १३९२० भूकंपाच्या दृष्टीने ही मर्यादा अडीच टक्क्यांवरच थांबवते. अनुभवी रचनाकार बहुतेक तुळया त्याच्याही बऱ्याच खाली ठेवतात.

खरी गर्दी गाळ्याच्या मध्यात क्वचितच होते. तिथे स्लॅब तुळईबरोबर एकसंध ओतलेला असतो, दाब वर असतो, आणि तो घ्यायला स्लॅबची रुंद पट्टी हाताशी असते. सलग तुळई कॉलमवरून पुढे जाते तिथे मात्र उलट होते. तिथे ताण वरच्या बाजूला येतो आणि दाब तळाला, जिथे फक्त २३० मिमीची अरुंद पट्टी असते. वरच्या सळया कॉलमच्या उभ्या सळयांतून वाट काढत जातात. ओव्हर-रीइन्फोर्स्ड होण्याचा धोका आणि भोके पडण्याचा धोका, दोन्ही याच जागी एकत्र येतात. मालक मिस्त्रीला ‘जास्तीचे बार’ टाकायला सांगतो, तेही बहुधा इथेच पडतात.

उरली किमान मर्यादा. तिच्याबद्दल कमी बोलले जाते, पण तिच्या अभावी होणारा घातही तितकाच अचानक असतो. भेग पडण्यापूर्वी तुळईचा ताण मुख्यतः काँक्रीटच सोसत असते, सळई जवळजवळ स्वस्थ असते. भेग पडते त्या क्षणी काँक्रीटने धरलेला सगळा ताण एकदम सळईवर येतो. एम २० काँक्रीट वाकताना दर चौरस मिमीला सुमारे ३.१ न्यूटन ताण सोसते. उदाहरणातल्या छेदाला यामुळे पहिली भेग सुमारे २४ किलोन्यूटन-मीटरला पडते. भार कमी आहे म्हणून कोणी तळाशी ८ मिमीच्या दोनच सळया घातल्या, तर त्यांचे क्षेत्रफळ १०० चौरस मिमी, ओढ ५० किलोन्यूटन, आणि त्यांची ताकद सुमारे २० किलोन्यूटन-मीटर. म्हणजे सळया धरून तुळई जितके पेलते, त्यापेक्षा नुसते काँक्रीट भेग पडेपर्यंत जास्त पेलत होते. भेग पडली की तो भार झेलणारे कोणी नाही. सळया एका भेगेपाशीच ताणून तुटतात आणि तुळई मोडते. आधी झोळ नाही, भेगांचे जाळे नाही.

म्हणून किमान लोखंड इतके हवे, की भेग पडल्यावरची ताकद भेग पाडणाऱ्या भारापेक्षा जास्त भरावी. आयएस ४५६ चे सूत्र सोपे आहे. ०.८५ ला सळईच्या यील्ड ताकदीने भागायचे आणि रुंदी व इफेक्टिव्ह डेप्थने गुणायचे. उदाहरणात हे १६० चौरस मिमी येते. तेवढ्या लोखंडाची ताकद सुमारे ३२ किलोन्यूटन-मीटर, म्हणजे भेगेच्या २४ पेक्षा निवांत वर. १० मिमीच्या दोन सळया १५७ वरच थांबतात, सूत्रात बसत नाहीत. १२ मिमीच्या दोन घातल्या की २२६ होतात आणि प्रश्न मिटतो. आयएस १३९२० च्या सूत्रात काँक्रीटचा दर्जाही धरलेला असतो. काँक्रीट जितके चांगले, तितका भेगेचा भार मोठा, म्हणून किमान लोखंडही जास्त लागते. चांगल्या काँक्रीटला कमी सळई पुरेल हा समज इथे नेमका उलटा पडतो.

ही किमान मर्यादा आड येते ती बहुधा दिसण्यासाठी उंच केलेल्या तुळयांत. दर्शनी भागात शोभेसाठी मोठी तुळई काढली जाते, भार नावापुरता असतो, हिशेबाने सळई अगदी थोडी येते. पण छेद मोठा झाला की भेगेचा भारही वाढतो. अशा तुळईला हिशेबाची नाही, किमान मर्यादेची सळई द्यावी लागते.

साइटवर हे सगळे ताडून पाहायला तुळई ओतण्याच्या आदल्या दिवशीची वेळ सर्वांत चांगली. त्या दिवशी रिंगांतून दिसणाऱ्या सळया मोजता येतात, त्यांच्या अंगावर उमटवलेला दर्जा वाचता येतो, कॉलमवरच्या गर्दीत व्हायब्रेटरची सुई जाते का हे घालून पाहता येते, आणि नकाशावरचा आकडा शेजारी ठेवता येतो. सळई कमी दिसली तर तक्रार सगळेच करतात. नकाशापेक्षा एक सळई जास्त दिसली, किंवा तिच्यावरचा दर्जा वेगळा दिसला, तरी काँक्रीट ओतण्याआधी नकाशावर सही करणाऱ्या अभियंत्याला तितक्याच तातडीने बोलवावे.